टर्बो मोड नेमकं काय वाढवतो: वॅट, आवाज की फ्रेम?

प्रश्न: माझ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये आरटीएक्स 4060 आहे आणि जाहिरातीत 140 वॅट लिहिलंय. एकाच गेममध्ये, त्याच सेटिंगवर सायलेंट मोडला 72, बॅलन्स्डला 87 आणि टर्बोला 91 एफपीएस मिळतात. जीपीयूची पॉवर 60, 90 आणि 105 वॅट दिसते, पंखे 2600, 3700 आणि 5200 आरपीएमवर फिरतात. टर्बोत एवढा गोंगाट होऊनही चारच फ्रेम का वाढतात? 140 वॅट कधीच का दिसत नाहीत? काही बिघाड आहे का, आणि रोज कोणता मोड ठेवू?

उत्तर: बिघाड नाही. 4060 च्या लॅपटॉपवर आकडे साधारण असेच येतात. रोजच्या खेळण्यासाठी बॅलन्स्ड ठेवा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅन्युअल किंवा कस्टम मोड असेल तर टर्बोच्या चार फ्रेमपैकी बऱ्याचशा टर्बोपेक्षा बऱ्याच कमी आवाजात मिळवता येतील. ते शेवटी सांगतो, पण आधी मोड बदलल्यावर आत काय बदलतं ते पाहू, म्हणजे पुढचे आकडे पटतील.

मोडचं बटण एक असलं तरी त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी हलतात. पहिली म्हणजे सीपीयू आणि जीपीयूला किती वॅट खायची परवानगी आहे, ती मर्यादा. दुसरी, कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरवायचा, तो आलेख. तिसरी, एकूण विजेतला वाटा सीपीयूकडे जास्त जावा की जीपीयूकडे. या तिन्हींची सांगड प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने घालते, त्यामुळे नावावरून तुलना करण्यात अर्थ नाही. असूसचा टर्बो, लेनोव्हो लीजनचा एफएन आणि क्यू दाबून येणारा लाल दिव्याचा परफॉर्मन्स, एसरचा टर्बो, एचपी ओमेनचा परफॉर्मन्स आणि एमएसआयचा एक्स्ट्रीम परफॉर्मन्स ही सगळी वरच्या पायरीची नावं आहेत, पण प्रत्येकाच्या आतले वॅट वेगळे, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा वेगळे. एमएसआयचं कूलर बूस्ट तर निव्वळ पंख्याचं बटण आहे. ते दाबल्याने पंखे पूर्ण वेगाने फिरतात, वॅटची मर्यादा मात्र आहे तिथेच राहते. उलट असूसच्या काही आरओजी मॉडेलमध्ये टर्बोसोबत जीपीयूला थोडं ओव्हरक्लॉकही मिळतं, म्हणजे तिथे वाढलेल्या फ्रेमचं सगळं श्रेय वॅटला देता येत नाही. म्हणून मी मोडचं नाव बाजूला ठेवून तीनच आकडे विचारतो: प्रत्यक्षात किती वॅट जातात, पंखा कितीवर फिरतो, फ्रेम किती येतात. तुम्ही तिन्ही दिलेत, हे बरं झालं.

आता आवाजाचा हिशोब. पंखा तोच असेल आणि फक्त वेग बदलत असेल तर आवाजातला फरक डेसिबलमध्ये अंदाजे असा काढता येतो:

```
फरक (dB) ≈ 50 × log10(नवा rpm ÷ जुना rpm)
```

2600 वरून 3700 ला गेल्यावर साधारण 7.7 डेसिबल वाढतात. 3700 वरून 5200 ला गेल्यावर साधारण 7.4. म्हणजे दोन्ही पायऱ्यांना आवाजाची किंमत जवळपास सारखीच मोजावी लागते. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटतो, त्यामुळे या प्रत्येक पायरीला आवाज दुपटीच्या जरा अलीकडे जातो. पहिल्या पायरीवर तुम्हाला 15 फ्रेम मिळाल्या, म्हणजे 21 टक्के. दुसरीवर चार, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. फ्रेमच्या वेळेत बोलायचं तर पहिल्या पायरीने एक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ 13.9 मिलिसेकंदांवरून 11.5 वर आणला. दुसरीने 11.5 वरून 11 वर. अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक खेळताना हाताला जाणवेल असं मला वाटत नाही. पंख्याचा आवाज मात्र नक्की जाणवतो.

हे सूत्र ढोबळ आहे. जाळीत धूळ असेल, किंवा पंख्याचा एखादा वेग लॅपटॉपच्या सांगाड्याशी जुळून घूं असा सूर काढत असेल, तर प्रत्यक्ष त्रास आकड्यापेक्षा जास्त होतो. पण पायऱ्यांची तुलना करायला ते पुरेसं आहे.

मग दुसऱ्या पायरीवर फ्रेम का आटल्या? चिपला लागणारी वीज ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले क्लॉक या प्रमाणात वाढते. वरच्या टोकाला क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे तिथे वीज जवळपास क्लॉकच्या घनाने वाढते. उलट बाजूने पाहिलं तर वीज 90 वरून 105 वॅट झाली, म्हणजे 17 टक्के वाढली, आणि तिचं घनमूळ घेतलं तर क्लॉकला जेमतेम 5 टक्के मिळतात. तुम्हाला फ्रेममध्ये 4.6 टक्के दिसले. उरलेला किंचित फरक व्हिडिओ मेमरीमुळे पडला असावा, कारण जीपीयूचा क्लॉक वाढला तरी मेमरीचा वेग तोच राहतो.

हाच घनमुळाचा नियम पहिल्या पायरीला लावला तर 60 वरून 90 वॅटला साडेचौदा टक्के मिळायला हवे होते, आणि तुम्हाला 21 मिळाले. याचीही कारणं आहेत. जीपीयू पॉवर म्हणून जो आकडा दिसतो त्यातला बराचसा भाग मेमरी आणि वीजपुरवठ्याचे घटक खातात, आणि हा भाग मोड बदलला तरी फारसा हलत नाही. त्यामुळे 60 वॅटमध्ये खुद्द गणना करणाऱ्या भागाच्या वाट्याला फार थोडे वॅट येतात आणि वरचे 30 वॅट जवळपास पूर्ण त्याच्याच पदरात पडतात. शिवाय खालच्या टोकाला व्होल्टेज आधीच तळाशी टेकलेलं असतं, तिथे क्लॉक वाढवायला व्होल्टेज फारसं वाढवावं लागत नाही. म्हणून खालचे वॅट स्वस्त पडतात आणि वरचे महाग.

आता 140 वॅटचं कोडं. लॅपटॉपच्या 4060 ला कंपन्या 35 पासून 115 वॅटपर्यंत कुठलीही मर्यादा देऊ शकतात. त्यावर डायनॅमिक बूस्टचे 25 वॅट धरून 140 हा आकडा जाहिरातीत येतो. डायनॅमिक बूस्ट म्हणजे सीपीयूला त्या क्षणी नको असलेले वॅट जीपीयूकडे वळवणं. पण 140 ही कमाल परवानगी आहे, चिपने तेवढे खाल्लेच पाहिजेत असं नाही. 4060 ची चिप लहान आहे आणि बहुतेक गेममध्ये ती शंभर वॅटच्या आसपास व्होल्टेजच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडते. त्यापुढे वीज हवी तेवढी द्या, व्होल्टेज वाढवायची मुभाच नसल्याने क्लॉक वाढत नाही.

हे स्वतः तपासायचं असेल तर जीपीयू-झेडमध्ये सेन्सरच्या पानावर `PerfCap Reason` ही ओळ पाहा. गेम चालू असताना तिथे `Pwr` दिसलं तर वॅटची मर्यादा आड येते आहे आणि वरचा मोड काहीतरी देईल. `VRel` दिसलं तर व्होल्टेज संपलंय, आता कुठलाही मोड लावा, फार काही मिळणार नाही. `Thrm` दिसलं तर तापमान आडवं आलंय आणि मग पंख्याचा वेग खरंच महत्त्वाचा ठरतो. `Util` दिसलं तर जीपीयूला पुरेसं कामच मिळत नाहीये, बहुधा सीपीयू मागे पडतोय किंवा फ्रेमवर कॅप लावलेला आहे. तुमच्याकडे बॅलन्स्डमध्ये `Pwr` आणि टर्बोत बहुतेक वेळ `VRel` दिसेल असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर 105 च्या वर वॅट का जात नाहीत याचं उत्तर तिथेच मिळालं.

मोठ्या चिपची गोष्ट वेगळी आहे, त्यामुळे हा निष्कर्ष सगळ्यांना लावू नका. लॅपटॉपच्या 4080 आणि 4090 मध्ये गणनेचे भाग दुपटीहून जास्त आहेत. तेवढ्याच वॅटमध्ये त्यांच्या प्रत्येक भागाला कमी वीज मिळते, म्हणजे 100 वॅटलाही ती चिप अजून स्वस्त पट्ट्यातच असते. तिथे वरचा मोड 150 वॅट किंवा त्याहून अधिक देत असेल तर फ्रेम चांगल्याच वाढतात, आणि तो गोंगाट सहन करायला निदान कारण तरी असतं.

तुमच्या टर्बोतला 5200 चा वेग फक्त जीपीयूच्या 15 वॅटमुळे आलेला नाही, हेही लक्षात घ्या. बहुतेक लॅपटॉपमध्ये सीपीयू आणि जीपीयूच्या हीटपाइप एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणजे एकाची उष्णता दुसऱ्याच्या पंख्यालाही पळवते. वरच्या मोडमध्ये कंपन्या सीपीयूची मर्यादाही सैल करतात. इंटेलच्या एचएक्स मालिकेतला सीपीयू मोकळा सोडला तर तो गेमला गरज असो वा नसो, पाच गिगाहर्ट्झच्या आसपास जायला बघतो, आणि तिथलं व्होल्टेज बरंच चढं असतं. गेममध्ये 45 वॅटवर भागलं असतं तिथे 70 खाल्ले जातात आणि फ्रेममध्ये एखाद-दुसऱ्याचा फरक पडतो. त्यात टर्बोचा पंख्याचा आलेख मुळातच वरून आखलेला असतो, म्हणजे तापमान तेवढंच असलं तरी पंखा जास्त फिरतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये `CPU Package Power` ही ओळ दोन्ही मोडमध्ये पाहून घ्या. फ्रेम सारख्या आणि हा आकडा वीस-पंचवीस वॅटने वर दिसला, तर गोंगाटाचा मोठा वाटा कुणाचा ते कळेल.

सायलेंटबद्दल थोडक्यात. 72 ही सरासरी वाचताना तो मोड ठीकठाक वाटतो, पण त्याची खोट सरासरीत दिसत नाही. सायलेंटमध्ये सीपीयूची मर्यादाही खूप खाली आणतात. नवीन भाग लोड होताना किंवा पडद्यावर एकदम गर्दी झाली की सीपीयूला क्षणभर जास्त वीज हवी असते आणि ती मिळत नाही. मग गेम अडखळतो. कॅपफ्रेमएक्समध्ये एक टक्का लो, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमवरून काढलेला एफपीएस, हा आकडा पाहा. सरासरीपेक्षा तो जास्त प्रमाणात घसरला असेल तर सायलेंट जुन्या किंवा हलक्या गेमपुरताच ठेवा. मीटिंग, ब्राउझर, व्हिडिओ यांना तो उत्तमच.

तुलना करताना लोक सगळ्यात जास्त फसतात ते वेळेच्या बाबतीत. लॅपटॉप गार असताना पहिली दोन-तीन मिनिटं कुठल्याही मोडमध्ये छान जातात, कारण अल्पकाळासाठी जास्त वॅटची मुभा असते आणि तांब्याचा सांगाडा उष्णता शोषून घेत असतो. म्हणून मोड बदलल्यावर पंधरा मिनिटं गेम चालू ठेवा आणि मग मोजा. गेममधला तयार बेंचमार्क वापरा, कारण हाताने खेळून मोजलेल्या दोन फेऱ्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक असाच पडतो. तुमचा 87 आणि 91 मधला फरक त्याच्या जेमतेम वर आहे. बॅलन्स्ड, टर्बो, टर्बो, बॅलन्स्ड या क्रमाने चार फेऱ्या घ्या. दोन्ही बॅलन्स्डचे आकडे एकमेकांशी जुळले तरच मधला फरक खरा माना. मोड बदलताना जीपीयूची जोडणी, म्हणजे मक्स स्विच किंवा हायब्रिड मोड, चुकूनही बदलू नका. त्याने एकट्यानेच फ्रेम टर्बोपेक्षा जास्त हलू शकतात आणि श्रेय उगाच मोडला मिळतं. मोजणी मूळ चार्जरवर करा, टाइप-सीच्या चार्जरवर वरचा मोड एक तर उघडत नाही किंवा उघडला तरी वॅट मिळत नाहीत.

आकडे नोंदवायला ही एक ओळ पुरते. कमांड प्रॉम्प्टमध्ये टाका आणि गेम खेळा, दर सेकंदाला नोंद होत राहील:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,clocks.gr,temperature.gpu,utilization.gpu --format=csv -l 1
```

आवाजासाठी फोनवरचं ॲप चालेल, पण त्याचा डेसिबलचा आकडा खरा मानू नका. फोनचा माइक प्रमाणित नसतो. फोन तुमच्या डोक्याच्या जागी, लॅपटॉपपासून साधारण अर्ध्या मीटरवर, माइक लॅपटॉपकडे करून ठेवा आणि फक्त दोन मोडमधला फरक वाचा. लॅपटॉप बंद असताना खोलीतला आवाज सायलेंट मोडपेक्षा निदान दहा डेसिबलने कमी असायला हवा. तसा नसेल तर सायलेंटचं मोजमाप खोलीचंच मोजमाप होतं.

आता कस्टम मोड. असूसमध्ये याला मॅन्युअल म्हणतात, लीजनमध्ये कस्टम. इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल किंवा नसेल, ते मॉडेलवर अवलंबून आहे. तुमच्या आकड्यांवरून मी असं करेन. जीपीयूची मर्यादा आणि डायनॅमिक बूस्ट टर्बोइतकेच ठेवा, कारण चिप 105 च्या आसपास स्वतःच थांबणार आहे. सीपीयूची दीर्घकालीन मर्यादा 45 वॅटवर आणा आणि अल्पकालीन 65 वर, म्हणजे लोड होतानाच्या झटक्यांना जागा राहील. पंख्याचा आलेख असा आखा की 80 अंशांपर्यंत 3700 च्या वर जाणार नाही आणि 85 ला 4300 पर्यंत पोचेल. मग पंधरा मिनिटं खेळून पाहा.

जीपीयू 80 ते 84 अंशांत स्थिरावला आणि `Thrm` दिसलं नाही, तर काम झालं. टर्बोच्या 91 पैकी 89–90 मिळतील आणि पंखा 3700 ते 4300 च्या मध्ये राहील. वरच्या सूत्राने 4300 ला बॅलन्स्डपेक्षा साधारण सव्वातीन डेसिबल जास्त आवाज होतो, टर्बोच्या सात-साडेसातच्या निम्म्याहून कमी. तापमान 87 ला जाऊन चिकटलं आणि क्लॉक खालीवर होऊ लागला, तर आधी सीपीयूचे वॅट आणखी पाचने कमी करा. पंखा वाढवणं नंतर. असूसच्या मॅन्युअलमध्ये `Thermal Target` नावाची पट्टी असते, तिची कमाल 87 आहे. ती खाली ओढली तर जीपीयू आधीच क्लॉक कमी करायला लागेल, त्यामुळे या प्रयोगात तिला हात लावू नका.

सीपीयू 45 वॅटवर आणल्याने नुकसान झालं का, तेही तपासा. एक टक्का लो आधीपेक्षा घसरला असेल तर 55 करून बघा. मोठ्या शहरातून धावणारे गेम आणि शंभर-दोनशे युनिटची रणनीती असलेले गेम सीपीयूला खरंच पिळतात. कमी रिझोल्यूशनवर दोनशेच्या पुढे एफपीएस मागणाऱ्या स्पर्धात्मक गेममध्येही `Util` दिसेल. अशा ठिकाणी उलट करावं लागतं: जीपीयूला काही फरक पडत नाही, सीपीयूचे वॅट वाढवल्यावर फ्रेम वाढतात. स्पर्धात्मक गेम हेडफोन लावून खेळत असाल तर तिथे सरळ टर्बो लावा, मी वाद घालणार नाही.

मॅन्युअल मोडच नसेल तर बॅलन्स्डमध्ये राहून फ्रेमवर कॅप लावणं हा सर्वांत सोपा मार्ग आहे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Max Frame Rate` 80 ठेवा. सरासरी 87 असलेल्या गेममध्ये सोप्या दृश्यांत जीपीयू श्वास घेईल, वॅट 75–80 वर उतरतील, आणि पंखा सारखा चढउतार करायचा थांबेल. अनेकांना पंख्याच्या आवाजापेक्षा त्याच्या सतत बदलण्याचाच वैताग येतो, आणि कॅपने तो बराच कमी होतो. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेजचा आलेख सपाट करून अंडरव्होल्ट करता आलं तर 90 वॅटच्या मर्यादेतच क्लॉक थोडा वर मिळेल. पण किती व्होल्टेजला चिप टिकेल हे प्रत्येक नगाचं वेगळं असतं, दुसऱ्याचा आकडा उचलून लावलात तर गेम मधेच बंद पडू शकतो. 925 मिलिव्होल्टच्या आसपास सुरुवात करा आणि एक तासभर जड गेम चालवून मगच कायम करा.

बायोस अपडेट केलीत की वरची मोजणी एकदा पुन्हा करा. कंपन्या अपडेटमधून मोडच्या मर्यादा आणि पंख्याचे आलेख बदलू शकतात, आणि मॅन्युअलमधली तुमची सेटिंगही कधीकधी मूळ पदावर जाते.